वरच्या खोलीचा मीटर

उत्तरेश्वर पेठेत मिरची घ्यायची तर शांताअक्कांकडूनच, हे आता ठरूनच गेलंय. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. एका अंगाला ब्याडगीची पोती, दुसऱ्या अंगाला संकेश्वरीची, मधे अक्का आणि त्यांच्यापुढं काटा. नवं गिऱ्हाईक उंबऱ्यावरच चार शिंका देतं आणि अक्का त्याच्या शिंका संपेपर्यंत शांत बसून राहतात. मग मिरची घालतात. काट्यावरचा आकडा स्थिर झाला, की पोत्यातल्या आणखी मूठभर मिरच्या उचलून वर टाकतात. हे कशाला म्हणून कुणी विचारलं, तर म्हणतात, "काट्याचा काय भरवसा? चुकला तर माझ्या अंगावर चुकू दे."

या मूठभर मिरच्यांवर अक्कांनी पेठेत नाव कमावलं आणि त्या नावाचा त्यांना थोडा ताठाही होता. थोडा म्हणजे कोल्हापुरी थोडा. दुसऱ्या दुकानाचं नाव निघालं, की त्या नुसतं "हं" म्हणायच्या. त्या एका "हं"मध्ये त्या दुकानदाराचा काटा, त्याचा माल आणि त्याचं घराणं, सगळं येऊन जायचं.

अक्कांचे मालक मल्लिकार्जुन उद्यमनगरात एका फौंड्रीत फोरमन होते. माणूस हाताचा कसबी. घर बांधलं तेव्हा विटांपासून वायरिंगपर्यंत सगळीकडं त्यांनी स्वतः हात घातला. मुलगा सोमशेखर शिकून मोठा होणार, त्याला वर वेगळी खोली पाहिजे, खोलीत एसी पाहिजे, म्हणून वरच्या खोलीला त्यांनी खास जाड वायर ओढली. सोमशेखर मोठा झाला आणि बेंगळुरूला गेला. एसी काही आला नाही. पुढं मालकही गेले. अक्कांनी वर्षभर ती खोली रोज झाडली, पुसली आणि मग एक दिवस अफसानाला भाड्यानं दिली.

अफसाना इचलकरंजीची. बाप मागावर राबलेला, नवरा शहजाद ट्रकवर, महिन्यातून एक-दोनदा घरी. ती ब्लाउज शिवायची. मुलगी शिफा बारावीला होती आणि तिच्या कॉलेजसाठीच या मायलेकींनी कोल्हापूर धरलं होतं. अक्का शिवभक्त, गळ्यात लिंग. अफसानाच्या खोलीत मक्केची तसबीर. पण दोघींचं जमलं ते स्वच्छतेवरून. जिना कुणी झाडायचा यावरून घरमालक आणि भाडेकरू भांडतात. या दोघी, "आज माझी पाळी होती, तुमी कशापायी झाडला?" म्हणून भांडायच्या.

भाडं ठरलं तेव्हा लाईटचं त्यात धरूनच ठरलं होतं. एक दिवा, एक पंखा, त्यात काय मोजायचं? पण अफसानाच्या शिलाईचं नाव झालं, काम वाढलं, आणि तिनं मशिनला मोटर बसवली. मग इस्त्री आली. बिल वर चढायला लागलं तशी अक्कांची भुवईही चढायला लागली. बिलाचा दर तर असा, की जितके युनिट जास्त तितका पुढचा युनिट महाग. दोन घरं एकाच मीटरवर, त्यामुळं दोघींचं मिळून त्या महागाच्या टप्प्यात जायचं. अक्का तोंडावर काही बोलल्या नाहीत, पण जिन्यातून इस्त्रीचा वास आला की "हं" म्हणायच्या.

ते "हं" अफसानाला कळत होतं. एक दिवस ती खाली आली आणि दुकानाच्या पायरीवर बसली.

"अक्का, तुमी सब-मीटर बसवा की. माझ्या खोलीचं येगळं मोजू दे. मीटर सांगंल ते मी दीन. माझ्यापायी तुमच्या अंगावर नको आणि तुमच्या मनात पण नको."

अक्कांना हे मनापासून आवडलं. ज्या बाईला मोजून द्यायचं ठाऊक, ती बाई त्यांना आपली वाटायची. दुसऱ्याच दिवशी त्यांनी जोतीराम वायरमनला बोलावलं.

जोतीराम पेठेतलाच. बोलण्यात भारी आणि कामात बरा. वीज बोर्डाचा मीटर होता जिन्याजवळच्या भिंतीवर, दुकानाच्या मागच्या अंगाला. शेजारीच घराचा मेन स्विच आणि तिथून वर जाणारी ती जाड वायर. त्यानं आधी मेन बंद केला, टेस्टर लावून करंट खरंच गेलाय ना ते बघितलं, आणि वरची वायर कापली.

"फेज तर मीटरातनं न्यायचाच," तो सांगत होता, "पर न्यूट्रल बी मीटरातनंच. लोक काय करत्यात, फेज तेवढा मीटरातनं नेत्यात आणि न्यूट्रल खालचाच जोडत्यात. मग खालचं-वरचं मिसळतंय आणि मीटर काय बी आकडा दावतंय."

झाकणावर छापलेल्या आकृतीप्रमाणं त्यानं चार तोंडांत चार वायरी घातल्या. दोन आत येणाऱ्या, दोन बाहेर जाणाऱ्या. पुढं खोलीसाठी वेगळा ट्रिप-स्विच बसवला, मेन चालू केला आणि म्हणाला, "आता तपासा. उगंच मागनं जोतीरामच्या नावानं बोंब नको."

तपासायला अक्कांना सांगायची गरज नव्हती. वरचं सगळं बंद करायला लावलं. मीटरवरचा लाल दिवा थांबला. वर इस्त्री लावली. दिवा भराभर लुकलुकायला लागला. मग खोलीचा ट्रिप-स्विच पाडला आणि अक्का सगळं घर फिरल्या. दुकानातला पंखा चालू. फ्रीज चालू. काटा चालू. देवघरातला दिवा चालू. न्हाणीघरातला बल्बही चालू. वर मात्र अंधार. म्हणजे खालचं खाली आणि वरचं वर. दोघींनी आपापल्या मोबाईलवर मीटरच्या आकड्याचा फोटो काढला. हिशेब कसा करायचा तेही ठरलं: बोर्डाचं बिल आलं की त्याला एकूण युनिटांनी भागायचं, जो दर पडेल त्या दरानं अफसानाचे युनिट. महाग टप्प्याचा भार एकटीवर नको, हे अक्कांनीच सुचवलं. जोतीराम चहा पिऊन गेला आणि अक्कांना त्या दिवशी दोन घास जास्त गेले.

पहिला महिना संपला आणि बिल आलं. अक्कांनी मीटर वाचला, अफसानानं वाचला, दोघींनी पुन्हा वाचला. आकडा अफसानाच्या अंदाजाच्या जवळपास दुप्पट होता. तिचा चेहरा उतरला. पण मीटर सांगेल ते देईन असं तिनंच म्हटलं होतं. ती वर गेली, पैसे घेऊन आली आणि देऊन परत गेली.

अक्कांना काय वाटलं, हे सांगायला पाहिजे. त्यांना आनंद झाला. वाईट वाटायला हवं होतं, आणि तेही वाटलं असेल, पण आधी आनंद झाला. आपलं म्हणणं खरं ठरल्याचा आनंद फार गोड असतो आणि म्हातारपणी तर तो सहसा मिळतही नाही. शिवाय बोर्डाच्या आकड्यातून वरचा आकडा वजा केला तर अक्कांचे स्वतःचे युनिट अगदी कमी आले. फ्रीज, दुकान, पंखे, सगळं धरून एवढेच? काट्यावर दोन दाणे कमी-जास्त झाले तर ज्यांच्या लक्षात यायचं, त्या अक्कांना इथं शंका आली नाही. आपल्या बाजूला झुकलेला काटा कुणालाच झुकलेला दिसत नाही. उलट त्या गिऱ्हाइकांना सांगायला लागल्या.

"दोन माणसांची खोली, पर लाईट बगशील तर कारखान्यावानी. माझं बग, सगळं घर धरून किती कमी! माणसानं बटण बंद करायची सवय लावून घ्यावी."

अंबूबाई म्हणून त्यांचं जुनं गिऱ्हाईक होतं. अर्धा किलो मिरचीला अर्धा दिवस बसायची आणि ऐकलेलं पेठभर पोचवायची. तिनं हेही पोचवलं.

वर अफसानानं हात आखडला. इस्त्रीचे कपडे ती कोपऱ्यावरच्या लाँड्रीत न्यायला लागली. मशिनची मोटर काढून पायानं चालवायला लागली. पंखा तर लावलाच नाही. ऑक्टोबरच्या उकाड्यात मायलेकी दार उघडं टाकून बसायच्या. आणि शिफा संध्याकाळी पुस्तकं घेऊन जिन्यात बसायला लागली, कारण जिन्यात बल्ब होता.

तो बल्ब अक्कांच्या मीटरवरचा होता.

अक्कांनी दोन-तीन दिवस बघितलं. एवढ्याशा बल्बाचं बिल ते काय येणार, हे त्यांना ठाऊक होतं. पण डोक्यात एकदा मीटर बसला की तो फिरतच राहतो. आपलं आपण वाचवायचं आणि दुसऱ्याचं वापरायचं, ही कुठली रीत? एका संध्याकाळी दुकान आवरून आत येताना त्यांनी खालचं बटण दाबलं. जिना अंधारला.  वर वह्या गोळा केल्याचा आवाज आला, आणि मग पायऱ्या चाचपत वर जाणाऱ्या पावलांचा.  "अक्का, मी बसलोय" एवढंसुद्धा पोरगी म्हणाली नाही. त्या रात्रीच्या भाकरीला अक्कांना चव लागली नाही, पण आपण चुकलो असंही त्यांनी स्वतःला म्हणू दिलं नाही.

दुसऱ्या महिन्याचा आकडा आला तेव्हा तो थोडा उतरला होता, पण अर्ध्याहून जास्त तसाच होता. अफसाना मीटरसमोर बराच वेळ उभी राहिली. त्या डब्याशी ती भांडू शकत नव्हती. माणूस असता तर चार शब्द सुनावले असते.

"अक्का," ती म्हणाली, "मी काय वापरायलोय, मलाच कळंना झालंय. आता आनि काय बंद करू? मला हे न्हाय झेपायचं. मामाच्या पोरीचं लगीन हाय, आठवडाभर इचलकरंजीला जायालोय. तिकडं एक खोली बी बघून येतो."

"आणि पोरीचं कॉलेज?"

"एस्टीनं यील-जाईल. काय करायचं?"

बारावीचं वर्ष, रोजची एस्टी, आणि तीही वर्षाच्या मधेच.  थांब म्हणावं असं अक्कांच्या ओठावर आलं. पण थांब म्हणायचं तर बिल सोडून द्यावं लागेल, आणि बिल सोडलं तर मीटर कशाला बसवला? त्या म्हणाल्या, "बग बाई, तुझं तू." अफसानानं खोलीचा आतला मेन बंद केला, कुलूप लावलं आणि दोघी गेल्या.

थंडी नुकती पडायला लागली होती. अक्का रोज उजाडायच्या आधी उठतात. आंघोळ, मग गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजा, मग चहा. सासरी आल्यापासून यात खंड नाही. त्या दिवशीही त्या उठल्या, जिन्याखालच्या न्हाणीघराकडं गेल्या, गिझरचं बटण दाबलं आणि पाणी तापेपर्यंत बाहेर केस सोडवत उभ्या राहिल्या. समोर भिंतीवर वरच्या खोलीचा मीटर होता. त्याचा लाल दिवा भराभर लुकलुकत होता.

अक्का चपापल्या. वर कुणी नाही, आणि मीटर पळतोय! इस्त्री चालू राहिली असणार. त्या गुडघे धरत जिना चढल्या. दाराला कुलूप. दाराला कान लावला, हात लावून बघितला, वास घेतला. काहीच नाही. तशाच खाली येऊन त्यांनी अफसानाला फोन लावला.

"अगं, काय चालू ठिवून गेलीस? मीटर पळायलाय की!"

"काय बी न्हाय, अक्का," पलीकडून झोपेतला आवाज. "मेन बंद करून आलोय मी. शिफानं बी बघितलंय."

अक्का फोन कानाशी धरून मीटरकडं बघत होत्या, तेवढ्यात तो लाल दिवा आपोआप थांबला. "ऱ्हाऊ दे. थांबला," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला. काहीतरी भुताटकी असेल असं म्हणायला त्या तयार होत्या, पण पाणी तापलं होतं म्हणून आधी आत गेल्या. बादली भरली, तसा गिझरचा दिवा पुन्हा लागला. गार पाणी आत गेलं की तो लागतोच. अक्कांनी तो लागलेला बघितला आणि त्यांचा हात तोटीवरच राहिला.

त्या बाहेर आल्या. मीटर लुकलुकत होता.

त्यांनी गिझरचं बटण बंद केलं. मीटर थांबला. चालू केलं. पळायला लागला. बंद. थांबला. न्हाणीघराच्या दारात उभ्या राहून, अर्धे केस सुटलेले, अक्का ते बटण दाबत राहिल्या. एकदा तरी चुकेल म्हणून. मीटर एकदाही चुकला नाही.

मग सगळं आठवत गेलं. मालकांचं शेवटचं दुखणं. त्यांना गार पाणी सोसेना म्हणून गिझर आणला, आणि आजारी माणसानं स्टुलावर बसून तो स्वतःच जोडला. न्हाणीघराची वायर बारीक, गिझरचा भार तिला पेलायचा नाही. आणि शेजारून वर जाणारी जाड वायर तर रिकामीच होती. त्यातूनच त्यांनी जोड काढला असणार. जोतीरामनं मीटर घातला तो त्याच वायरीच्या तोंडाला. आणि त्या दिवशी भर दुपारी अक्कांनी सगळं घर तपासलं, न्हाणीघरातला बल्बसुद्धा तपासला, पण गिझर तेवढा बंद होता. काम झालं की गिझर बंद करायची त्यांची कडक सवय. दुपारी आंघोळ कोण करतं?

अक्कांनी आंघोळ केली. पाटावर बसल्या. लिंग तळहातावर घेतलं आणि त्यांना पुढचं काही सुचेना. मीटर बसल्यापासून या पूजेच्या आधीची रोजची आंघोळ अफसानाच्या शिलाईवर झाली होती. तिनं पंखा बंद ठेवला, मोटर काढून ठेवली, आणि खाली आपण बादल्या भरत होतो. शिवाय पेठेत सांगत होतो, बटण बंद करायची सवय लावून घ्या म्हणून. अक्कांना रडू आलं. त्यांनी ते येऊ दिलं.

जोतीरामला बोलावलं. त्यानं गिझरच्या स्विचचा डबा उघडला, आत बघितलं आणि हसला.

"मालकांचाच हात. बगा कसा पीळ मारलाय! हे मला कसं कळणार, अक्का? गिझर बंद हुता."

"तुला कोण काय म्हंतंय?"

"मग काय, घाबरायचं काम न्हाय. मेनपासनं गिझरला नवी वायर टाकतो, येगळा ट्रिप-स्विच देतो. तासाभराचं काम. ती बाई यायच्या आत उरकून टाकू. फुडच्या म्हैन्यापास्नं आकडा आपोआप बरोबर यील. कुणाला काय सांगायची गरज न्हाय."

 खोटं कशाला बोला, अक्कांच्या मनात ते आलं होतं, जोतीरामच्या आधीच आलं होतं. वायर बदलायची, आकडा उतरायचा, आणि वर "बघ, आता शिकलीस काटकसर" असं म्हणायला आपण मोकळ्या. पेठेत नाव तसंच. मायलेकी पण राहतील. कुणाचंच नुकसान नाही. मागचे दोन महिने सोडले तर.

"न्हाय," त्या शेवटी म्हणाल्या. "ती यीपर्यंत हात लावू नको."

"अवो पर कशापायी?"

"वर कुलूप हाय. आता ह्यो मीटर फकस्त माझी आंघोळ मोजायलाय. किती हुती ती मला कळू दे."

आठवडाभर अक्का नेहमीसारखीच आंघोळ करत राहिल्या. कमी पाणी घेतलं तर माप खोटं ठरलं असतं. रोज सकाळी आंघोळीनंतर त्या मीटर बघायच्या आणि रोज त्यांना वाटायचं त्यापेक्षा आकडा पुढं गेलेला असायचा.

अफसाना आणि शिफा परत आल्या तेव्हा दुपार होती. दुकानात अंबूबाई बसलेली. अफसानाच्या हातात पिशव्या, चेहरा दमलेला. "अक्का, खोली बघितली तिकडं. म्हैनाअखेर..." तिनं सुरुवात केली.

"पिशव्या ठेव आणि आत ये," अक्का म्हणाल्या. "अंबू, तू बी ऊठ. तुलाच आधी बघाय पायजे."

तिघी आणि मागं शिफा, अशा सगळ्या मीटरसमोर उभ्या राहिल्या. वर अजून कुलूपच होतं. लाल दिवा थांबलेला होता. अक्का न्हाणीघरात गेल्या आणि गिझरचं बटण दाबलं. दिवा पळायला लागला.

"बग," अक्का म्हणाल्या. "तुझी इस्त्री न्हाय. तुझी मोटर न्हाय. ही माझी आंघोळ हाय. दोन म्हैने तू भरलीस."

 अंबूबाईनं तोंडाला पदर लावला. अक्कांनी मग सगळं सांगितलं. मालकांचा जोड, त्या दिवशीची तपासणी, आठवड्याचं माप. जे जास्त घेतलं होतं ते कनवटीला तयारच होतं, ते त्यांनी अफसानाच्या हातात ठेवलं. "आणि पेठेत मी जे बोललो," त्या अंबूबाईकडं वळून म्हणाल्या, "ते तू पोचवलंस. आता हे बी पोचव. निम्मं नको, सगळं."

अफसाना मीटरकडंच बघत होती. ती हसेल, रडेल, भांडेल, कशालाही अक्का तयार होत्या.

"मला वाटलं, मलाच याड लागलं," ती हळू म्हणाली. "रोज राती उठून बघायचो, काय चालू ऱ्हायलं काय म्हणून." मग अक्कांकडं वळून म्हणाली, "युनिटाचं झालं, अक्का. तुमी मोजून दिलं. पर माझी पोरगी त्या दिशी अंधारात चाचपत वर आली. ते कुठल्या मीटरवर घालू?"

शिफानं आईचा हात ओढला. "अम्मी, ऱ्हाऊ दे की."

 अक्कांना आयुष्यभर काट्यावर वर मूठभर टाकून भरपाई करायची सवय, आणि इथं टाकायला हातात काहीच नव्हतं. "चुकलं माझं," त्या म्हणाल्या. तेवढंच म्हणाल्या आणि पोरीकडं बघून म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी जोतीरामनं मेनपासून गिझरला नवी वायर टाकली आणि मालकांचा जोड सोडवला. सोडवलेला तांब्याचा पीळ अक्कांनी त्याच्याकडून मागून घेतला आणि देवघराच्या कोनाड्यात ठेवला. गिझर लावून बघितला; वरच्या मीटरचा दिवा हलला नाही. मग अक्कांनी त्याला आणखी एक काम सांगितलं. जिन्यातल्या बल्बाचं बटण खालून काढायचं आणि वर, अफसानाच्या दाराशी बसवायचं. करंट मात्र खालच्या मीटरवरचाच ठेवायचा.

"म्हंजे?" जोतीरामनं डोकं खाजवलं. "लाईट तुमचा आणि बटण त्यांच्या हातात? रातभर चालू ठेवला तर?"

"तर ठेवला," अक्का म्हणाल्या.

अफसानानं इचलकरंजीची खोली घेतली नाही. पण लगेच "राहतो" असंही म्हणाली नाही. तिनं मशिनला मोटर परत लावली, आणि पुढच्या बिलाला आकडा तिच्या अंदाजाएवढाच आला. दोघींनी फोटो काढले, पैसे दिले-घेतले, बोलणं बेताचंच. जिना कधी ही झाडायची, कधी ती, भांडण मात्र होत नव्हतं. आणि ते नवं बटण कुणी दाबत नव्हतं. रोज संध्याकाळी अक्का दुकानातून आत वळून बघायच्या. जिना अंधारातच असायचा.

बारावीच्या पूर्वपरीक्षेच्या आदल्या आठवड्यात वर जोतीरामच्या ओळखीच्या कुणाच्या तरी लग्नाचे ब्लाउज आले होते. खोलीभर कापड पसरलेलं, मशिनचा खडखडाट. अक्का अंबूबाईला मिरची मोजून देत होत्या. आकडा स्थिर झाला, त्यांनी वर टाकायला मूठ भरली, आणि मागं जिन्यात उजेड पडला. पायऱ्यांवर चपलांचा आवाज आला, वह्या ठेवल्याचा आला, आणि मग शिफाचं पुटपुटत पाठ करणं ऐकू यायला लागलं.

"अवो अक्का, टाका की," अंबूबाई म्हणाली.

अक्कांनी मूठ तिच्या पिशवीत रिकामी केली. मग आणखी एक भरली आणि तीही टाकली.